नाडी जुळली, रक्त कुणी पाहिलं?

प्रेमविवाह टिकत नाही आणि ठरवून केलेलं लग्न टिकतं, कारण ठरवताना मोठी माणसं सगळं पाहून घेतात. हे मत भंडारा जिल्ह्यात इतक्या ठामपणे मांडलं जातं की त्यावर उलट प्रश्न विचारायची सोय उरत नाही. जवाहरनगरसारख्या कॉलनीत तर ते अधिकच खरं वाटतं. साठच्या दशकात ऑर्डनन्स फॅक्टरीसोबत उभी राहिलेली ही वसाहत. कोण कोणाचा मुलगा, कोणत्या सेक्शनला, कोणत्या शिफ्टला, घरी कोणाचा स्वभाव कसा, हे इथे शेजाऱ्याला विचारलं की कळतं. त्यामुळे ‘आम्ही पाहून घेतलंय’ म्हटलं की विषय संपतो. नागपूरला शिकायला गेलेली मुलंमुली तितक्याच ठामपणे दुसरी बाजू मांडतात. आम्ही एकमेकांना चार वर्षं ओळखतो, आम्हाला कोणी काय पाहून द्यायचंय, असं त्यांचं म्हणणं असतं.

मला दोन्ही दावे मान्य नाहीत. एक बाजू पाहण्याचा दाखला देते, दुसरी ओळखण्याचा. पण ज्यावर पुढचा संसार उभा राहतो किंवा कोसळतो, ते दोघांपैकी कोणीच पाहिलेलं नसतं. याची सगळ्यात उघड साक्ष आपल्याच भागात, आपल्याच रक्तात आहे.

आधी मोठी माणसं काय पाहतात ते बघू. बायोडाटा येतो. त्यात उंची, रंग, शिक्षण, मामाचं कुळ, शेती किती एकर, आणि रक्तगट. परिचय मेळाव्याच्या पुस्तिकेतही हेच रकाने असतात. मुलगा फॅक्टरीत असेल तर ‘पर्मनंट आहे’ एवढ्यावर निम्मी बोलणी उरकतात. पण १ जानेवारी २००४ नंतर लागलेल्याला वडिलांसारखी जुनी पेन्शन आपोआप मिळत नाही. १ ऑक्टोबर २०२१ ला ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून सात कंपन्या झाल्या आणि ही फॅक्टरी म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेली. २४ जानेवारी २०२५ च्या स्फोटात इथलेच कामगार गेले. ज्या घरात मुलगी जाणार तिथल्या कामाचं स्वरूप तिला कोणी नीट समजावून सांगत नाही, कारण ‘सरकारी’ म्हटलं की विचारणाराच कमी समजूतदार ठरतो. तेव्हा नोकरीसुद्धा पुरती पाहिली जात नाही. पण मला बोलायचंय ते याहून खोल गेलेल्या गोष्टीबद्दल.

पत्रिका पाहणारे म्हणतात, आम्ही रक्तही पाहतो, कारण नाडी म्हणजे रक्तच. एकनाडी आली की मुलं दोषाची होतात, हे पूर्वजांना ठाऊक होतं, असा हा युक्तिवाद. शिकलेली माणसंही तो करतात, म्हणून त्याचं उत्तर नीट द्यायला हवं. छत्तीस गुणांपैकी नाडीला सर्वांत जास्त, आठ गुण. सत्तावीस नक्षत्रांचे नऊ-नऊचे तीन गट केले आहेत, आद्य, मध्य आणि अंत्य. जन्माच्या वेळी चंद्र ज्या नक्षत्रात होता त्यावरून तुमची नाडी ठरते. म्हणजे नाडी आकाशातल्या चंद्रावरून ठरते, आईबापाकडून आलेल्या रक्तावरून नाही. एकाच आईच्या दोन मुलांच्या नाड्या वेगळ्या निघतात, आणि आजार पुढे नेणारा जनुक मात्र दोघांतही असू शकतो. नाडी वेगळी आहे म्हणून निर्धास्त झालेल्या घराला काहीही कळलेलं नसतं. बायोडाटातल्या रक्तगटाचंही तेच. बी पॉझिटिव्ह आहे की ओ, यावरून सिकलसेलचा काडीचाही पत्ता लागत नाही. आणि जी घरं पत्रिका मानत नाहीत, उदाहरणार्थ आपल्याकडची बौद्ध घरं, त्यांनी नाडी सोडली हे चांगलंच केलं. पण तिच्या जागी रक्ताचा रिपोर्ट बसवला नाही.

सिकलसेल हा विदर्भाला नवा शब्द नाही. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर या पट्ट्यात तो आदिवासी, बौद्ध आणि अनेक ओबीसी समाजांतही आढळतो. नागपूरच्या संपत रामटेके यांनी या आजाराच्या रुग्णांसाठी सिकलसेल सोसायटी उभी केली आणि २०१८ साली त्यांच्या कामाला पद्मश्री मिळाली. केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. इतकं होऊनही साक्षगंधाच्या बैठकीत हा शब्द कोणी काढत नाही. देण्याघेण्याचा काढतात.

हिशेब अवघड नाही. हिमोग्लोबिनचा एक जनुक आईकडून येतो, एक वडिलांकडून. दोन्ही नेहमीचे असतील तर एए. एक सिकलचा असेल तर एएस, म्हणजे वाहक. दोन्ही सिकलचे असतील तर एसएस, म्हणजे आजार. वाहक माणूस आजारी नसतो. तो शेतात राबतो, फॅक्टरीत शिफ्ट करतो, बाई बाळंत होते, म्हातारपण येतं, आणि आपण वाहक आहोत हे कळतही नाही. एसएस मुलाचं मात्र वेगळं असतं. सहा महिन्यांनंतर हातापायांची बोटं सुजतात, डोळे पिवळे पडतात, थंडीत किंवा पाणी कमी पडलं की हाडांत असह्य कळा येतात, साधा ताप जिवावर बेततो. हायड्रॉक्सियुरियासारख्या गोळ्यांनी त्रास बराच कमी होतो, पण दवाखाना जन्माला चिकटतो.

आता दोन वाहकांचं लग्न झालं, तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस असण्याची शक्यता चारात एक, वाहक असण्याची चारात दोन, आणि पूर्ण नेहमीचं असण्याची चारात एक. ‘प्रत्येक’ या शब्दावर मी जोर देतो, कारण हमखास गल्लत इथेच होते. पहिलं मूल आजारी झालं की घरची माणसं म्हणतात, चारातलं एक झालं, आता पुढचे तीन बरे. तसं नसतं. दुसऱ्या वेळीही हिशेब चारात एकच राहतो. वाहक आणि एए यांचं लग्न झालं, तर मात्र एकही मूल आजारी होत नाही. निम्मी शक्यता वाहक होण्याची, एवढंच.

एक घर डोळ्यासमोर आणू. मुलगा फॅक्टरीतल्या कामगाराचा, मुलगी लाखनीकडची, दोघांचा समाज एक, लांबचं नातंही निघतं. मुलाने तपासणी केली. ती साधी असते. बोटाला टोचून घेतलेलं थेंबभर रक्त छोट्या ट्यूबमधल्या द्रावणात टाकतात, काही मिनिटं थांबतात आणि ट्यूबमागे काळ्या रेघा ओढलेला पांढरा कागद धरतात. रेघा स्पष्ट वाचता आल्या तर निगेटिव्ह. द्रावण गढूळ होऊन रेघा झाकल्या गेल्या तर पॉझिटिव्ह. ही सोल्युबिलिटी टेस्ट. मुलाच्या रेघा झाकल्या गेल्या. पण ही टेस्ट वाहक आणि आजारी यांत फरक करत नाही, म्हणून रक्त एचपीएलसीला पाठवावं लागतं. तिथे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे मोजले जातात, आणि मुलगा वाहक असल्याचं नक्की झालं.

मुलीची सोल्युबिलिटी टेस्ट निगेटिव्ह आली आणि दोन्ही घरांनी सुटकेचा श्वास सोडला. इथेच थांबू नये. सोल्युबिलिटी टेस्ट फक्त सिकलचं हिमोग्लोबिन पकडते, बीटा थॅलेसेमियाचा वाहक तिला दिसत नाही. आणि सिकलचा वाहक व थॅलेसेमियाचा वाहक यांच्या मुलालाही सिकलसारखाच आजार होऊ शकतो. त्यामुळे एक जोडीदार वाहक निघाला की दुसऱ्याची सोल्युबिलिटी पुरत नाही, एचपीएलसीच करावी लागते. त्यात ए२ नावाचा हिमोग्लोबिनचा भाग साडेतीन टक्क्यांच्या वर आला तर थॅलेसेमियाचा विचार करतात. मुलीला लोहाची कमतरता असेल, आणि आपल्याकडे अनेकींना ती असते, तर हा आकडा खाली दिसू शकतो. ज्याला नुकतंच रक्त चढवलंय त्याचा रिपोर्टही फसवा येतो. म्हणून रिपोर्ट हातात घेऊन शासकीय रुग्णालयातल्या समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरकडे दोघांनी एकत्र बसायला हवं. व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवून विषय संपवू नये.

प्रेमविवाहवाल्यांनी इथे खुश होऊ नये. वेगळ्या जातीत लग्न केलं तर दोघंही वाहक निघण्याची शक्यता सहसा कमी होते, मामाच्या मुलीशी केलं तर वाढते, हे खरं. पण कमी होणं म्हणजे नाहीसं होणं नव्हे. विदर्भात एकाहून अधिक समाजांत हा जनुक आहे, आणि जनुक जातीचा दाखला पाहून थांबत नाही. एकाच कॉलेजात, एकाच कट्ट्यावर चार वर्षं बसलेल्या जोडप्याला एकमेकांचा आवडता सिनेमा, पहिलं प्रेम, घरची भांडणं सगळं ठाऊक असतं. रक्ताचं ठाऊक नसतं, कारण विचारलं तर ‘तुला माझ्यावर संशय आहे का’ असं होईल, ही भीती. ओळख जितकी जुनी तितकं हे विचारणं अवघड होत जातं.

आणि हाच माझा मुख्य मुद्दा आहे. लग्न ठरवून झालं की प्रेमातून, यापेक्षा ‘नाही’ म्हणणं कधी महाग होतं हे महत्त्वाचं. ठरवलेल्या लग्नात ते साक्षगंधाच्या दिवशी महाग होतं. हॉल बुक झालेला असतो, अंगठ्या घातलेल्या असतात, पत्रिका छापायला गेलेल्या असतात, मुलीच्या बापाने कर्ज काढलेलं असतं. त्यानंतर मुलीने कोणतीही शंका काढली की साक्षगंध मोडल्याचा डाग तिच्यावर. प्रेमविवाहात ते घरी सांगितल्याच्या दिवशी महाग होतं. आईशी अबोला, भावाची धमकी, जातीच्या लोकांची बैठक, हे सगळं अंगावर घेतल्यावर मुलगी कोणत्या तोंडाने म्हणेल की मला अजून एक गोष्ट विचारायची होती? १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात नोटिशीनंतर तीस दिवस मिळतात, पण तोवर ती घराबाहेर पडलेली असते. दोन्हीकडे प्रश्न विचारायची वेळ येते तेव्हा उत्तराला काही किंमत उरलेली नसते. म्हणून रिपोर्टही आणि बाकीचं बोलणंही त्या दिवसाच्या आधी व्हायला हवं: ठरवलेल्या लग्नात साक्षगंधाआधी, प्रेमात घरी सांगण्याआधी.

यावर सर्वांत जड आक्षेप असा की तपासणीचा आग्रह धरला तर मुलींचीच लग्नं मोडतील. मुलगा वाहक निघाला तर झाकलं जाईल, मुलगी वाहक निघाली तर गावभर होईल. हा आक्षेप मी हलका मानत नाही. असं होतं. पण त्यावर उपाय तपासणी टाळणं हा नाही, तपासणीची पद्धत बदलणं हा आहे. दोघांचीही एकाच दिवशी व्हावी, शक्यतो मुलाने आपली आधी करून दाखवावी, रिपोर्ट दोघांच्या हातात यावा, मध्यस्थाच्या किंवा काकाच्या नाही. आणि मुलगी वाहक, मुलगा एए असं निघालं तर लग्न मोडायला वैद्यकीय कारणच उरत नाही, हे दोन्ही घरांनी डॉक्टरच्या तोंडून ऐकावं. वाहक मुलीला नाकारणाऱ्या घरानं आजारामुळे नव्हे, अज्ञानातून आलेल्या भीतीनं नाकारलेलं असतं.

दुसरा आक्षेप शरीराबद्दलचा आहे. लग्नाआधी जवळिकीबद्दल बोलणं आपल्या संस्कृतीत बसत नाही, ते नंतर आपोआप कळतं, असं म्हणतात. संस्कृतीचं म्हणाल, तर र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र १९२१ साली काढलं आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवून मराठीतूनच हे सगळं लिहिलं. शंभर वर्षं होऊन गेली. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती ‘जोडीदाराची विवेकी निवड’ या नावाने तरुणांशी आजही हेच बोलते. मराठी माणसाला ही भाषा परकी नाही, तिला घराबाहेर ठेवलं गेलं आहे.

आणि आपोआप कळत नाही. दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये बाहेरच्या खोलीत सासूसासरे, आतल्या खोलीत नवं जोडपं, मधे एक भिंत. सत्यनारायण झाल्यावरच्या रात्री मुलगी थकलेली, मुलाच्या डोक्यात मित्रांनी सांगितलेल्या आणि मोबाइलवर पाहिलेल्या गोष्टी. तिला दुखतं, ती थांब म्हणते, त्याला तो अपमान वाटतो. कित्येक घरांत महिनोन्‌महिने संबंध होत नाहीत आणि दोष बाईच्या माथी येतो, खरं तर त्याला भीती असते किंवा तिचे स्नायू आवळले जात असतात, आणि दोन्हींवर उपचार असतात. शिवाय कायद्याची बाजू लक्षात घ्या. जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेतही अठरा वर्षांवरच्या पत्नीवर पतीने केलेल्या जबरदस्तीला बलात्कार मानलेलं नाही. कायदा जिथे ‘नाही’ ऐकत नाही, तिथे नवऱ्याला ते ऐकता येतं का, हे बाईने आधी जाणून घेणं म्हणजे आगाऊपणा नाही.

ते कसं विचारायचं, असा प्रश्न मला मुली विचारतात. गच्चीवरच्या पंधरा मिनिटांत नाही, हे नक्की. तीन-चार भेटी हव्यात, एखादी तरी घराबाहेर. आणि सुरुवात स्वतःपासून करावी. ‘मला दोन वर्षं तरी मूल नको आहे. तुम्हाला काय वाटतं? आणि तोवर काळजी कोण घेणार, गोळ्या मी घ्यायच्या की निरोध तुम्ही वापरायचा?’ असं म्हटलं की समोरच्यालाही काहीतरी खरं बोलावं लागतं. ‘मला जवळीक हवी आहे, पण पहिल्या दिवशीच जमेल असं नाही. मी थांबा म्हटलं तर थांबाल?’ यावर मुलगा हसण्यावारी नेतो, गप्प होतो, की ‘थांबीन’ म्हणून आपलीही एखादी भीती सांगतो, हे पाहावं. शब्दांपेक्षा ती वागणूक जास्त सांगते. मुलानंही विचारावं. पाळीचा त्रास होतो का, नोकरी पुढे करायची आहे का, आईवडिलांसोबत राहायचं म्हणजे किती वर्षं, पगार कोणाच्या खात्यात. आणि पुढच्या भेटीत उत्तर बदललं तर का बदललं, तेही. मागच्या भेटीत ‘तुझी नोकरी तुझीच’ म्हणणारा मुलगा घरच्यांशी बोलून आल्यावर ‘आई म्हणते, बघू पुढे’ म्हणाला, तर लग्नानंतरचा निर्णय कुणाच्या हाती राहील ते मुलीला साक्षगंधाआधी कळलं.

दोघं वाहक निघाले आणि प्रेमही आहे, तर काय, हा प्रश्न उरतो. लग्न करू नका असं सांगायचा अधिकार कोणालाच नाही. मूल दत्तक घेता येतं, मूल न होऊ देण्याचा निर्णय घेता येतो. आणि मूल हवं असेल तर गर्भाचीही तपासणी होते. गर्भधारणेच्या दहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास वारेचा बारीक तुकडा काढून मूल एसएस आहे का ते सांगता येतं. ही सोय मोठ्या शहरांतल्या निवडक ठिकाणीच आहे, तिथली वेळ आधी ठरवावी लागते, आणि तिसरा महिना उलटेपर्यंत घरी न सांगण्याची आपल्याकडची पद्धत इथे घातक ठरते. रिपोर्ट एसएस आला तर गर्भ ठेवायचा की नाही हे बाईने ठरवायचं आहे, सासूने नाही. म्हणून वाहक जोडप्याने लग्नाआधीच हे बोलून घ्यावं: गरोदर राहिल्याचं किती आठवड्यांत सांगायचं, कोणत्या शहरात जायचं, खर्च कोण करणार, आणि रिपोर्ट नको तसा आला तर तिच्या निर्णयामागे तो उभा राहणार का. मग दोघांचे रिपोर्ट दोघांनी मिळून, एकाच बैठकीत, दोन्ही घरांसमोर ठेवावेत, म्हणजे ‘मुलीत दोष निघाला’ असं म्हणायला कोणालाही जागा राहणार नाही.